पॅनेल लावूनही १२० हर्ट्झ घुमतो आणि ६० हर्ट्झ गायब होतो: बेडरूममध्ये गाणं मिक्स करताना हमखास येणारी अडचण

तक्रार जवळपास नेहमी एकच असते. खोलीत फोमचे चौकोन लावले, टाळीचा खणखणाट गेला, बोलताना खोली शांत वाटू लागली. मिक्स मात्र बाहेर नेला की तसाच बिघडलेला. गाडीत किक आणि बेस यांचा तळ गडगडतो, त्याच वेळी बेसगिटारचा मधला भरीवपणा गेलेला असतो. परत खोलीत येऊन ऐकलं तर सगळं बरोबर वाटतं. मग आणखी फोम लावला जातो, त्याने खोली फक्त बोथट होते आणि बेस आहे तिथेच राहतो.

कारण साधं आहे. फोमने जे काढलं ते अडचणीचं नव्हतंच. १२० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ २.९ मीटर असते. सच्छिद्र पदार्थ हवेच्या हालचालीला अडवून ध्वनी शोषतो, आणि भिंतीला अगदी लागून हवा जवळपास हलतच नाही. तिथे फक्त दाब असतो. हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून पाव लहर दूर, म्हणजे १२० हर्ट्झसाठी सुमारे ७० सेंटीमीटरवर. ५ सेंटीमीटरचा फोम या अंतराच्या चौदाव्या हिश्शात बसतो. त्यामुळे तो वरच्या पट्ट्या खातो आणि खालच्या तशाच सोडतो. खोलीचा समतोल आधीपेक्षा बिघडतो तो यामुळेच.

पण फक्त जाड पॅनेल आणा म्हणूनही भागत नाही, कारण कमी पैशात शोषक मालाचे मोजकेच स्लॅब मिळतात. ते कुठे जावेत हे आधी ठरायला हवं. त्यासाठी घुमणारा स्वर कोणत्या दोन पृष्ठभागांमध्ये अडकला आहे हे शोधायचं. हे काम फुकट होतं आणि अर्ध्या तासात होतं.

आधी हिशेब

एक ठरावीक खोली घेऊ: लांबी ३.६ मीटर, रुंदी ३ मीटर, उंची २.८ मीटर. स्पीकर आखूड भिंतीसमोर आहेत. स्पीकरचा दर्शनी भाग त्या भिंतीपासून ३५ सेंटीमीटर, दोन स्पीकरमधलं अंतर ११८ सेंटीमीटर, कान समोरच्या भिंतीपासून १३७ सेंटीमीटर, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर. कान आणि स्पीकरमधला वरच्या स्वरांचा ट्विटर दोन्ही जमिनीपासून १२० सेंटीमीटर. दोन समांतर पृष्ठभागांमध्ये अडकणारा पहिला स्वर असा निघतो, L म्हणजे त्या दोहोंमधलं अंतर मीटरमध्ये:

```
f = 343 / (2 × L)
```

लांबीला पहिला ४८, दुसरा ९५ हर्ट्झ. रुंदीला ५७ आणि ११४. उंचीला ६१ आणि १२२. आता बसण्याची जागा बघा. कान रुंदीच्या बरोब्बर मध्यावर आहेत आणि उंचीच्या मध्यापासून फक्त २० सेंटीमीटर खाली. पहिल्या स्वराचा दाब मध्यावर शून्य असतो, म्हणून ५७ आणि ६१ दोन्ही तुमच्या कानापाशी जवळपास नाहीसे होतात. दुसऱ्या स्वराचा दाब मात्र मध्यावर भरपूर असतो, म्हणून ११४ आणि १२२ फुगतात. ९५ सुद्धा त्यांच्या शेजारीच आहे.

हे एका स्वरात पकडता येतं. बेसगिटारच्या ए तारेवर दुसऱ्या पट्टीत वाजणारा बी ६१.७ हर्ट्झचा आहे, आणि त्याचा दुप्पट स्वर १२३.५ चा. या खोलीत त्या बीचा पाया खड्ड्यात पडतो आणि त्याचा दुप्पट स्वर फुगवट्यावर बसतो. ऐकणाऱ्याला वाटतं बेस चिखलासारखा आहे आणि खाली जीव नाही. तो १२० कापतो, ६० वाढवतो. बाहेरच्या खोलीला ना तो खड्डा आहे ना तो फुगवटा, त्यामुळे तिथे दोन्ही चुका उघड्या पडतात.

मग कानाने खात्री

हिशेब मोकळ्या, कडक भिंतींसाठी असतो. दार, खिडकी, लाकडी कपाट यांच्यामुळे आकडे थोडे सरकतात. म्हणून REW या खोलीचा आवाज मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधला Generator उघडा, साइन स्वर निवडा आणि एकच स्पीकर चालू ठेवा. दोन्ही स्पीकर एकसारखे वाजले तर रुंदीचा पहिला स्वर दोन्ही बाजूंनी एकमेकांना मारतो आणि चाचणी फसते. आवाज बोलण्याइतकाच ठेवा. छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर मोठ्याने सलग वाजवले तर आतली कॉइल तापते.

पहिला स्वर १२२ च्या आसपास. एकेक हर्ट्झने वरखाली करून सर्वांत मोठा कुठे वाटतो ते पकडा. मग खुर्चीतून उतरून कान जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर येतील इतकं खाली बसा. उंचीच्या दुसऱ्या स्वराचा दाब बरोबर तिथे शून्य होतो. खाली जाताना आवाज विरला आणि वर येताना परत आला, तर गुन्हेगार जमीन आणि छत यांची जोडी आहे.

दुसरा स्वर ११४. आता उंची बदलायची नाही, वाजणाऱ्या स्पीकरपासून दूर, आडवं सरकायचं. बाजूच्या भिंतीपासून ७५ सेंटीमीटरवर आवाज पडला तर दोष बाजूच्या भिंतींचा.

तिसरा ९५. यासाठी खुर्ची सरळ मागे न्या. खोलीच्या मध्यापर्यंत तो वाढेल आणि समोरच्या भिंतीपासून २७० सेंटीमीटरवर गळून पडेल. तसं झालं तर पुढची आणि मागची भिंत.

तीन स्वर, तीन दिशा. वर दिलेल्या मांडणीत १२२ चा फुगवटा सर्वांत ठळक येतो, त्यानंतर ९५, आणि ११४ सर्वांत सौम्य, कारण स्पीकर बाजूच्या भिंतीपासून ९१ सेंटीमीटरवर आहेत आणि रुंदीच्या दुसऱ्या स्वराला हलवायला ती जागा फारशी सोयीची नाही. म्हणजे इथे पहिला मोठा दोष छताचा आहे. बेडरूममध्ये उपचार करणारे बहुतेक जण छताकडे सर्वांत शेवटी बघतात, किंवा बघतच नाहीत, आणि चार उभे कोपरे भरूनही १२० का हलत नाही म्हणून हैराण होतात. उभ्या कोपऱ्यातला ट्रॅप, म्हणजे बेस शोषायला तिथे ठेवलेला जाड भराव, लांबी-रुंदीच्या स्वरांवर चांगला चालतो. जमीन आणि छतामधल्या स्वराला तो फारसा आडवा येत नाही.

पैसे न घालता होणारं काम

कान आणि स्पीकर दोन्ही १० सेंटीमीटर खाली आणा, १२० ऐवजी ११०. खुर्ची खाली घ्या, स्पीकरचे स्टँड छोटे करा. हिशेबाने उंचीच्या १२२ च्या स्वराचा वाटा सुमारे अडीच डेसिबलने कमी होतो आणि ६१ चा थोडा वर येतो, कारण दोन्ही गोष्टी खोलीच्या मध्यउंचीपासून दूर जातात. फक्त एकच बाजू खाली आणली तर फायदा अर्धाच.

स्पीकर भिंतीजवळच ठेवा. खोलीच्या मध्याकडे ओढले की समोरच्या भिंतीवरून परतणारा आवाज मूळ आवाजाला उलटा भेटतो. दर्शनी भाग ९० सेंटीमीटरवर असेल तर खड्डा ९५ हर्ट्झला पडतो, ६० वर असेल तर १४३ ला, ३५ वर असेल तर २४५ ला. वर गेलेला खड्डा १० सेंटीमीटरच्या पॅनेलच्या आवाक्यात येतो, खालचा येत नाही. लहान खोलीत स्पीकर भिंतीपासून लांब हवेत हा सल्ला म्हणूनच चुकतो. स्पीकरच्या मागे पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, असेल तर पोर्टपासून भिंतीपर्यंत तळहाताएवढी जागा सोडा.

१६ स्लॅबचं वाटप

१२० × ६० × ५ सेंटीमीटरचे रॉकवूलचे १६ स्लॅब धरू, घनता घनमीटरला ४० ते ६० किलो. दोन-दोन एकत्र ठेवून १० सेंटीमीटर जाडीचे ८ पॅनेल होतात. या खोलीसाठी वाटप असं: २ छताला, ४ पुढच्या दोन कोपऱ्यांत, २ बाजूच्या भिंतींवर.

छताची दोन पॅनेल शेजारी शेजारी लावून १२० × १२० चा तुकडा करा. स्पीकर आणि कान यांच्या मध्यावर, म्हणजे समोरच्या भिंतीपासून ८६ सेंटीमीटरवर त्याचा मध्य आला पाहिजे. छताला चिकटवू नका. पॅनेल आणि छत यांत २० सेंटीमीटर जागा सोडा, म्हणजे खालचा पृष्ठभाग छतापासून ३० सेंटीमीटरवर येईल. ७० पर्यंत आपण पोचत नाही, पण चिकटवलेल्या पॅनेलपेक्षा हे १२२ वर कितीतरी जास्त काम करतं आणि छतावरचं पहिलं परावर्तनही यातच जातं. ४८ किलो घनतेचं एक पॅनेल नुसत्या रॉकवूलचंच साडेतीन किलो भरतं, वर लाकडी चौकट. डोक्यावर टांगायचं आहे, तेव्हा काँक्रीटमध्ये ड्रिल करून अँकर, त्याला हूक आणि प्रत्येक पॅनेलला चार साखळ्या. चिकटपट्टी किंवा गोंदावर छताचं पॅनेल ठेवू नये.

कोपऱ्यांत पॅनेल ४५ अंशांत तिरकं उभं करा, एकावर एक दोन, मिळून २४० सेंटीमीटर. ६० रुंदीच्या पॅनेलमागे कोपऱ्यापर्यंत मध्यावर ३० सेंटीमीटरची पोकळी तयार होते. ती रिकामी ठेवली तरी चालते, पण हलकं, सैल ग्लासवूल मिळालं तर भरा, दाबून नाही. जाड भरावात हलका माल चांगला चालतो, कारण फार घट्ट मालात ध्वनी आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावरूनच परततो.

पुढे कधी पैसे हातात आले तर कोपरा पूर्ण भरता येतो. १२० × ६० च्या स्लॅबचे दोन चौकोन करा, प्रत्येक चौकोन दोन्ही कर्णांवर कापा. एका स्लॅबचे आठ त्रिकोण, समोरची बाजू ६० आणि भिंतीकडच्या बाजू ४२. ५ सेंटीमीटर जाडीचे ५६ थर रचले की २८० सेंटीमीटरचा कोपरा जमिनीपासून छतापर्यंत भरतो. कोपऱ्यामागे ७ स्लॅब लागतात. १६ पैकी १४ दोन कोपऱ्यांत घालण्यापेक्षा वरचं वाटप या खोलीत जास्त देतं, कारण इथला मोठा दोष उभ्या दिशेचा आहे. तुमच्या चाचणीत ९५ जास्त ठळक निघाला असेल तर मात्र छताचं एक पॅनेल कमी करून मागच्या भिंतीला द्या, ११४ निघाला असेल तर बाजूच्या भिंतीला.

चौकटी बनवण्याआधी एक प्रयोग करा. स्लॅब प्लास्टिकच्या वेष्टनातच कोपऱ्यात रचून ठेवा आणि मोजा. वेष्टन वरच्या पट्ट्या परतवतं, पण बेस त्यातून आरपार जातो, त्यामुळे कोणत्या कोपऱ्याने जास्त फरक पडतो ते करवत हातात घेण्याआधीच कळतं. एखाद्या कोपऱ्यात दार असेल तर तो सोडून भिंत आणि छत मिळतात तो आडवा कोपरा वापरा. तिथेही दाब तितकाच असतो आणि उभ्या दिशेच्या स्वरावर त्याचा परिणाम उभ्या कोपऱ्यापेक्षा जास्त होतो.

बाजूच्या भिंतीवरचं पहिलं परावर्तन

इथे आरसा पुरतो. तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्या कोणाला तरी कानाच्या उंचीवर आरसा भिंतीला लावून पुढून मागे सरकवायला सांगा. जवळच्या स्पीकरचा ट्विटर दिसला की खूण. तसाच आणखी मागे नेत लांबच्या स्पीकरचा दिसला की दुसरी खूण. वरच्या मांडणीत पहिली खूण समोरच्या भिंतीपासून ७४ सेंटीमीटरवर येते, दुसरी ९४ वर. म्हणजे ५० ते ११० सेंटीमीटरमध्ये एकच उभं पॅनेल दोन्ही खुणा झाकतं. कोपऱ्यातल्या तिरक्या पॅनेलची कड ४९ सेंटीमीटरपर्यंत येते, तेव्हा दोन्ही अगदी शेजारी बसतात. मोजमाप इथे चुकवू नका.

या भिंतीवरून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा १.४ मीटर जास्त चालतो आणि सुमारे ४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. इतक्या लवकर आलेला आवाज कानाला वेगळा ऐकू येत नाही. तो मूळ आवाजात मिसळून मध्यपट्टीचा रंग बदलतो आणि मध्यातला गायक रुंद, धूसर करतो. पॅनेल भिंतीपासून ५ ते १० सेंटीमीटर सुटं लावा, मागे लाकडी ठोकळे ठेवून.

एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला कपाट, हे बेडरूमचं ठरलेलं चित्र. फक्त एकाच बाजूला पॅनेल लावलं तर गायक कडक बाजूकडे सरकतो. खिडकीसमोर पॅनेल जमिनीवरच्या स्टँडवर उभं करा, काम झालं की बाजूला ठेवा. पडदा त्याची जागा घेत नाही.

चौकट करताना होणाऱ्या चुका

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मागे प्लायवूड ठोकणं. पॅनेल भक्कम दिसतं, पण मागची पोकळी कायमची बंद होते आणि ज्यासाठी ती सोडली तेच काम थांबतं. मागे उघडी चौकट ठेवा, आधाराला दोन आडव्या पट्ट्या किंवा जाळी पुरे. पुढे कापड असं निवडा की तोंडाला लावून फुंकर मारली तर हवा सहज आरपार जाईल. रेक्झिन, दाट विणीचं पडद्याचं कापड किंवा रंगाचा थर चालत नाही. छताच्या पॅनेलला धागे खाली पडू नयेत म्हणून खालून पातळ, हवा जाणारं न विणलेलं कापड घालून मग वरचं कापड ताणून स्टेपल करा. कापताना मास्क, हातमोजे आणि चष्मा लागतोच. लांब ब्रेडच्या सुरीने रॉकवूल करवतीपेक्षा स्वच्छ कापलं जातं.

सुधारलं की नाही हे कसं कळणार

सगळीकडे सारखंच ऐकणारा मोजमापाचा मायक्रोफोन कानाच्या जागी ठेवा, REW मध्ये Measure वरून २० ते २०००० हर्ट्झची मोजणी घ्या, आधी आणि नंतर, आवाजाची पातळी आणि मायक्रोफोनची जागा अजिबात न हलवता. आलेखाचं स्मूदिंग १/२४ ऑक्टेव्हपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर खड्डे दिसेनासे होतात. मग Waterfall, म्हणजे प्रत्येक स्वर किती वेळात विरतो हे दाखवणारा आलेख, बघा. १२२ च्या जागी पूर्वी लांब ओढलेली शेपटी आता लवकर संपली पाहिजे. शिखर थोडंच खाली आलं असेल तरी हिरमुसू नका. शेपटी आखूड झाली की बेसच्या दोन स्वरांमधली जागा मोकळी होते, आणि कानाला सर्वांत आधी जाणवतं ते हेच.

५६० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा तसाच राहिला आहे असं दिसलं तर पॅनेलला दोष देऊ नका. ते टेबल आहे. ७५ सेंटीमीटर उंचीच्या टेबलावरून परतणारा आवाज, स्पीकर आणि कान १२० वर असताना, थेट आवाजापेक्षा ३० सेंटीमीटर जास्त चालतो आणि तिथे कापला जातो. कान-स्पीकर ११० वर आणले की तोच खड्डा ९०० च्या आसपास सरकतो. लहान टेबल, किंवा स्पीकर टेबलाच्या मागे स्वतंत्र स्टँडवर, एवढाच त्यावर इलाज.

६० चा खड्डा मात्र या मालाने भरत नाही. ६० हर्ट्झची पाव लहर जवळपास दीड मीटर आहे, आणि तुमची खुर्ची रुंदीच्या मध्यावरच राहणार. इक्वलायझरने तो वर ओढायचा प्रयत्न करू नका. कानापाशी लहरी एकमेकींना मारत असतात, तुम्ही जितकी ताकद घालाल तितकी तीही मारली जाते, स्पीकरचा कोन मात्र उगाच दमतो. शिखर कापायला इक्वलायझर चालतो, ट्रॅप लावून झाल्यावर उरलेल्या १२२ साठी दोन-तीन डेसिबल पुरे. ५० ते ७० हर्ट्झचे निर्णय हेडफोनवर घ्या, आणि मिक्समध्ये ६० ला हात लावण्याआधी खुर्चीतून उठून एकदा बाजूच्या भिंतीला टेकून ऐका, फक्त एक स्पीकर चालू ठेवून. तिथे ५७ चा दाब भरलेला असतो. खुर्चीत रिकामी वाटणारी किक तिथे दणकत असेल तर ६० ला हात लावू नका.